डब्यावरचा चहा आणि अडलेलं हिमोग्लोबिन

"मी ३६ वर्षांची, शाळेत शिक्षिका. घर शाकाहारी, वजन ५२ किलो. तीन महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन ९.६ आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ८ निघालं. तेव्हापासून ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी रोज नाश्ता झाला की चहाबरोबर घेते. तरी आकडा ९.९ वरच अडलाय. पालक, गूळ, खजूर सगळं चालू आहे. चहा चार वेळा होतो: सकाळी सहाला, आठला पोह्यांबरोबर, दीडला स्टाफरूममध्ये डब्यावर, आणि साडेपाचला घरी आल्यावर. आमचे हे म्हणतात, चहाच रक्त खातोय, सोडून दे. पण एक दिवस सोडला तरी डोकं ठणकतं. सासूबाई म्हणतात, साखरेऐवजी गूळ घाल, लोह मिळेल. त्या स्वतः चाळीस वर्षं जेवणावर चहा घेतात आणि त्यांचं हिमोग्लोबिन १३ आहे. मग माझंच असं का? चहा सोडायलाच हवा का?"

ताई, सहाचा आणि साडेपाचचा चहा आहे तसा राहू द्या. आठचा आणि दीडचा मात्र जेवणापासून दूर न्यावा लागेल, आणि गोळीची वेळ तर आजपासूनच बदला. असं का, हे समजून घेतलंत तर घरातल्या दोघांनाही उत्तर देता येईल आणि पाहुणे आले, सहल निघाली, लग्नघरी जेवण झालं, तरी आपलं आपल्याला ठरवता येईल.

चहा रक्त खात नाही. रक्तात गेलेल्या लोहाला तो हात लावू शकत नाही, यकृतात साठलेल्या लोहालाही नाही. त्याचा सगळा कारभार पोटात आणि आतड्याच्या पोकळीत चालतो, तोही त्या वेळी तिथे जे अन्न असेल तेवढ्यापुरता. म्हणून चहा दिवसात किती वेळा घेतला यापेक्षा तो कशाबरोबर घेतला याला जास्त महत्त्व आहे.

लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळाठिक्कर पडतो, हे तुम्ही पाहिलं असेल. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून पूर्वी काळी शाई करत, ती क्रियाही हीच. आवळा, हिरडा, सुपारी, चहाची पत्ती या सगळ्यांत टॅनिन असतात. ताठर चहा प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या आक्रसल्यासारख्या वाटतात, तो तुरटपणा यांचाच. टॅनिनच्या रेणूवर काही ठिकाणी दोन किंवा तीन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी बसलेले असतात. लोहाचा अणू या शेजारी गटांमध्ये अडकित्त्यात सुपारी धरावी तसा पकडला जातो. एका लोहाच्या अणूला असे दोन-तीन अडकित्ते एकदम धरू शकतात, आणि मग जो काळानिळा साका तयार होतो तो पाण्यात विरघळत नाही. घरी बघायचं असेल तर बिनदुधाच्या गार चहात एक गंजका खिळा रात्रभर टाकून ठेवा. सकाळी पेल्यात शाई दिसेल. (तो चहा अर्थातच फेकून द्या.)

आता हेच आतड्यात कसं घडतं ते बघा. पोळी, पोहे, उसळ, पालेभाजी यांतलं लोह जठरातल्या आम्लात अन्नापासून सुटं होतं. आम्ल तीव्र असतं तोवर टॅनिनची पकड सैल असते. पण जठरातलं अन्न पुढे लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात उतरतं तेव्हा तिथल्या पाचक रसांमुळे आम्लपणा मोडतो. नेमकी हीच वीतभर जागा लोह शोषून घेण्याची मुख्य जागा आहे, आणि नेमकी इथेच टॅनिनची पकड घट्ट होते. आतड्याच्या पेशींवर लोह आत घेणारी दारं असतात. त्यांतून सुटा, विरघळलेला अणूच जाऊ शकतो. टॅनिनने धरलेलं लोह दारासमोरून पुढे सरकतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. ताटात लोह होतं, तुम्ही ते चावून गिळलंही, पण शरीराच्या हिशेबात ते आलंच नाही.

मटण-मासळीतलं बरंचसं लोह हीम नावाच्या रेणूच्या चौकटीत बंद असतं आणि त्या चौकटीसकट वेगळ्या वाटेने आत जातं. त्यामुळे शिजलेल्या मांसातल्या या लोहावर चहाचा फारसा परिणाम होत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांवर १९७५ मध्ये झालेल्या चाचण्यांत हा फरक स्पष्ट दिसला होता. पाव आणि भाताच्या जेवणातलं लोह चहाने रोखलं, शिजवलेल्या हिमोग्लोबिनमधलं रोखलं नाही. शाकाहारी घरात मात्र सगळंच लोह टॅनिनच्या तावडीत सापडणारं असतं.

किती फरक पडतो? आपल्या जेवणाशी सर्वांत जवळची चाचणी बंगळुरूची आहे, २००८ सालची. तरुण स्त्रियांना भाताच्या जेवणाबरोबर एक कप चहा दिला तेव्हा लोहाचं शोषण साधारण निम्म्यावर आलं. दोन कप दिल्यावर ते जवळजवळ एक तृतीयांश उरलं. ज्यांना अ‍ॅनिमिया होता त्यांच्यातही हेच झालं. शरीर लोहासाठी भुकेलं असलं की ते एरवीपेक्षा जास्त लोह ओढून घेतं हे खरं, पण साक्यात अडकलेलं लोह त्यालाही ओढता येत नाही.

इथे बहुतेक जणी एक पळवाट शोधतात: चहा फिका केला तर? दूध जास्त घातलं तर? दुधातलं प्रथिन काही टॅनिनला चिकटतं, तुरटपणाही कमी होतो, म्हणून ही कल्पना पटण्यासारखी वाटते. प्रत्यक्ष मोजून पाहिलं तेव्हा दुधाने लोहाच्या शोषणात सांगण्यासारखा फरक पडला नाही. फिक्या चहाचंही तसंच. पहिल्या थोड्याशा टॅनिननेच बराचसा तोटा होऊन जातो, पुढचं टॅनिन त्यात थोडी भर घालतं. पत्ती निम्मी केली म्हणून तोटा निम्मा होत नाही. आलं-वेलची-गवती चहा घातल्याने पत्तीतलं टॅनिन कमी होत नाही. ग्रीन टी आणि कॉफीही लोह रोखतात, कॉफी चहापेक्षा थोडी कमी. म्हणजे कपात काय आहे यावर तडजोड करून हाती फार लागत नाही. तडजोड वेळेवरच करावी लागते.

सासूबाईंच्या गुळाचंही इथेच निपटून टाकू. शंभर ग्रॅम गुळात साधारण चार-पाच मिलिग्रॅम लोह असतं. एका कपात तुम्ही दहा ग्रॅम गूळ घालाल, म्हणजे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. आणि तेवढं लोह कपातच टॅनिनच्या हाती पडतं. चव आवडत असेल तर गुळाचा चहा जरूर घ्या, लोहाच्या खात्यात मात्र तो धरू नका.

त्यांचं हिमोग्लोबिन १३ आहे याचं कारण वेगळं आहे. पाळी थांबल्यावर बाईला रोज साधारण एक मिलिग्रॅमच्या आतच लोह लागतं, कारण तेवढंच झडणाऱ्या पेशींवाटे जातं. निम्मं शोषण झालं तरी त्यांचं भागतं. तुमच्या यजमानांचंही तसंच, ते तुमच्याइतकाच चहा पीत असतील तरी त्यांचं भागेल. पाळी येणाऱ्या स्त्रीची गोष्ट निराळी. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. महिन्याला ४० मिलिलिटर रक्तस्राव झाला तर २० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे रोजच्या गरजेत सहा-सात दशांश मिलिग्रॅमची भर. ८० मिलिलिटरच्या वर गेला तर भर दुपटीहून जास्त. चाळीस वर्षांत त्यांचं हिमोग्लोबिन मधल्या काळात काय होतं, हे बहुधा कुणी तपासलंही नसेल. तेव्हा एकाच घरात, एकाच पातेल्यातला चहा एकीला बाधत नाही आणि दुसरीला बाधतो, यात विसंगती काहीच नाही.

तरीही एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण तुमच्या पत्रात ती गृहीत धरलेली आहे. चहा सोडला की हिमोग्लोबिन चढेल, असं तुम्हाला आणि यजमानांनाही वाटतंय. थोडा हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण आवाका कळायला पुरेसे आहेत.

पोह्यांच्या बशीत शेंगदाण्यांसकट तीन मिलिग्रॅम लोह धरू, डब्यातल्या पोळी-भाजी-उसळीत पाच, आणि रात्रीच्या भाकरी-भाजी-वरणात सहा. दिवसाचे झाले चौदा. अशा शाकाहारी जेवणातून, तुमच्यासारखा साठा रिकामा असताना, दहा टक्के शोषलं गेलं तर १.४ मिलिग्रॅम मिळालं असतं. तुम्ही पोह्यांवर आणि डब्यावर चहा घेता, म्हणजे आठ मिलिग्रॅममधून मिळणारा ०.८ चा वाटा निम्मा होतो. दिवसाला हातातून जातात ०.४ मिलिग्रॅम, महिन्याला बारा. आता दुसरी बाजू. ५२ किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. त्यात हिमोग्लोबिन एका अंकाने वाढवायला जवळपास ११५ मिलिग्रॅम लोह लागतं. महिन्याला बारा वाचवून एक अंक चढायला नऊ-दहा महिने जातील, आणि तेही पाळीत जास्त काही जात नसेल तर.

म्हणजे चहाने तुमची तूट हळूहळू, काही वर्षांत वाढवली असणार. ती भरून काढण्याचं काम मात्र एकटा चहा सोडून होणार नाही. ९.९ वरून साडेबारापर्यंत यायला तीनशे मिलिग्रॅम, आणि रिकामी कोठी भरायला आणखी तेवढंच. हे सहाशे मिलिग्रॅम ताटातून येणार नाही, गोळीतूनच येईल. म्हणून तुमच्या दिवसातली सर्वांत मोठी चूक पोह्यांबरोबरचा चहा ही नाही. गोळी चहाबरोबर गिळणं, ही आहे.

६० मिलिग्रॅमच्या गोळीतून दहा टक्के शोषलं गेलं तरी दिवसाला सहा मिलिग्रॅम मिळतं, अख्ख्या दिवसाच्या जेवणाच्या चौपट. या हिशेबाने साडेतीन-चार महिन्यांत कोठीसकट भरपाई व्हायला हवी. तुम्ही ती गोळी अशा वेळी घेता जेव्हा पोटात पोहे आहेत, शेंगदाणे आहेत, वर दुधाचा चहा आहे. शेंगदाण्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोहाला धरतं, दुधातलं कॅल्शियम अडवतं, आणि टॅनिन आहेच. तीन महिन्यांत ०.३ ची वाढ, यात मला तरी नवल वाटत नाही.

गोळी रात्री घ्या. जेवण साडेआठला होत असेल तर साडेदहाला, झोपण्यापूर्वी, नुसत्या पाण्याबरोबर. दुधाबरोबर नको. गोळीबरोबर लिंबूपाणी हवंच असं नाही. क जीवनसत्त्वाचा मोठा उपयोग अन्नातल्या लोहाला होतो, नुसत्या पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीला त्याची तेवढी गरज नसते. मळमळ किंवा पोटदुखी झाली तर गोळी बंद न करता रात्रीच्या जेवणानंतर लगेच घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण न घेण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे. आणि लवकर वाढावं म्हणून दिवसाला दोन गोळ्या घेण्याचा मोह टाळा. एका मोठ्या मात्रेनंतर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते साधारण दिवसभर आतड्यातून लोह पुढे जाऊ देत नाही. दुसरी गोळी बरीचशी वायाच जाते, वर पोट बिघडतं ते वेगळं. काही डॉक्टर याच कारणाने एक दिवसाआड गोळी देतात. तुम्हाला रोज सोसत नसेल तर तसं चालेल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती दुपारी घ्या, लोहाच्या जवळपास नको. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या वाचकांनी लोह आणि ती गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवावं. थायरॉइडची गोळी सकाळी आणि लोह रात्री, असं केलं की प्रश्नच उरत नाही.

आता तुमचे चार कप. सहाला रिकाम्या पोटी घेतलेला चहा आठच्या नाश्त्यापर्यंत जठरातून पुढे गेलेला असतो, कारण पातळ पदार्थ जठरात फार रेंगाळत नाही. त्या चहाने ज्यांचं पित्त खवळतं त्यांनी तो टाळावा, पण लोहाच्या दृष्टीने त्याचा दोष नाही. साडेपाचच्या चहाबरोबर बिस्किट किंवा खारी असेल. त्यात लोह असतंच किती, मग गमवायचं काय? उलट तुमच्या चहाची हीच योग्य जागा आहे.

आठच्या पोह्यांबरोबर पाणी प्या. आणि दीडच्या चहाला साडेअकराच्या छोट्या सुट्टीत हलवता येईल का पाहा. पोह्यांना साडेतीन तास झालेले असतात, डब्याला दोन तास अवकाश असतो. स्टाफरूममधल्या बाकीच्या जणींचा चहा डब्यावर येत असेल तर तुमचा कप तेवढा आधी मागून घ्या. ते जमलं तर आठचा एकच कप सुटतो, तीन कप राहतात; जमणार नसेल तर तोही सोडा, मग दोन राहतात. तीन कप राहिले तर डोकं ठणकण्याची भीती बरीच कमी होते. ते ठणकणं कॅफिन एकदम तुटल्याचं असतं, साधारण बारा ते चोवीस तासांत सुरू होतं आणि काही दिवसांत जातं. चारावरून तीन कपांवर येणाऱ्याला त्याचा त्रास क्वचितच होतो. ज्यांना एकदम कमी करायचं आहे त्यांनी दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत यावं.

अंतर किती ठेवायचं, याची उत्तरं वेगवेगळी ऐकू येतात. ब्रिटनमधल्या स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत जेवणाबरोबर चहा घेतल्यावर शोषण सुमारे एक तृतीयांशाने घटलं, आणि तोच चहा तासाभराने घेतल्यावर घटलं नाही. कॉफीच्या एका जुन्या चाचणीत मात्र जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीनेही जवळजवळ बरोबर घेतल्याइतकंच लोह रोखलं, तर जेवणाआधी तासभर घेतलेलीने रोखलं नाही. माझा सल्ला असा: जेवणाआधी चहा घ्यायचा तर एक तास पुरेसा, जेवणानंतर घ्यायचा तर दोन तास थांबा. आपली पोळी-उसळ, भाकरी-पिठलं जठरातून हळूहळू, दोन-चार तास खाली उतरत राहतं. जेवण झालं म्हणजे पोट रिकामं झालं, असं नसतं. पोळी संपवून हात धुतल्यावर पंधरा मिनिटांनी घेतलेला चहा जेवणाबरोबर घेतल्यासारखाच समजा.

चहा बाजूला झाला की पुढची पायरी ताटात क जीवनसत्त्व घालण्याची. ते दोन कामं करतं. लोहाला आतड्याच्या दारातून जाण्याजोग्या रूपात आणतं, आणि टॅनिन किंवा फायटेटने धरण्याआधी स्वतःच त्याला विरघळलेलं धरून ठेवतं. बंगळुरूच्या त्याच अभ्यासात पुरेसं क जीवनसत्त्व दिल्यावर भाताच्या जेवणातलं शोषण काही पटींनी वाढलं होतं. पण 'पुरेसं' या शब्दाकडे नीट पाहा. तीन मिलिग्रॅम लोहाच्या पोह्यांना साधारण वीस ते चाळीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. पोह्यांवर आपण लिंबाची जी एक फोड पिळतो तिच्यातून दोन-तीन मिलिग्रॅमच मिळतं. अख्खं लिंबू पिळलं तरी दहा-बारा. लिंबू जरूर पिळा, गॅस बंद केल्यावर पिळा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. पिकत आलेल्या पेरूच्या चार फोडी, म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम, पन्नासेक मिलिग्रॅम देतात. पेरूचा हंगाम नसेल तेव्हा एक मोसंबं सोलून खा. डब्यात कच्च्या ढोबळी मिरचीच्या कापांची कोशिंबीर हा त्याहून सोपा मार्ग आहे, कारण ती शिजत नाही आणि क जीवनसत्त्व टिकतं. फळ जेवणाबरोबर खायचं, चार वाजता वेगळं नाही. लोह आणि क जीवनसत्त्व एकाच वेळी त्या वीतभर जागेत पोचले तरच उपयोग.

आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं, पण टॅनिनही असतं, कढई काळी होते ती त्यामुळेच. म्हणून लोहासाठी मी पेरू आणि लिंबाला पहिली पसंती देते.

पालकाबद्दल फार आशा बाळगू नका. कच्च्या शंभर ग्रॅममध्ये तीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, आणि पालकात लोह अडवणारी द्रव्यंही असतात. भाजी म्हणून तो उत्तमच आहे. पण लोहासाठी मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, वर लिंबू, शेजारी कच्ची कोशिंबीर, हे ताट जास्त कामाचं. मोड येताना फायटेट कमी होतं, म्हणजे अडवणाऱ्यांपैकी एक थोडा दूर होतो.

एवढं करूनही आकडा हलला नाही तर? गोळी योग्य वेळी सुरू केल्यापासून चार आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, हिमोग्लोबिन पुन्हा करा. निदान एक अंक वाढलेला दिसायला हवा. दिसला तर चहा आणि वेळ हाच अडसर होता असं समजा. हिमोग्लोबिन बारावर आल्यावर गोळी थांबवू नका, कोठी भरण्यासाठी पुढे साधारण तीन महिने घ्यावी लागते. बऱ्याच जणी इथेच थांबतात आणि वर्षभरात पुन्हा तिथेच येतात. फेरिटिन शेवटी पुन्हा तपासा. ताप, सर्दी किंवा अंगात कुठेही जंतुसंसर्ग असताना ते तपासू नका, कारण तेव्हा ते खोटं वाढलेलं दिसतं.

चार आठवड्यांनीही एक अंक वाढला नाही तर चहाला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा. तिथे स्वतःहून सांगायच्या गोष्टी अशा. पाळी सात दिवसांहून जास्त जाते का, पॅड दर दीड-दोन तासांनी बदलावं लागतं का, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का. आम्लपित्तावरची गोळी रोज चालू आहे का, कारण जठरात आम्ल कमी झालं की लोह अन्नातून नीट सुटत नाही. जुलाब, पोट फुगणं, वजन घटणं आहे का. तुमचं फेरिटिन ८ आहे म्हणजे लोहाची कमतरता नक्की आहे. पण ज्या वाचकांचं हिमोग्लोबिन कमी आणि फेरिटिन चांगलं आहे त्यांनी स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार असू शकतो, त्यात लोहाचा उपयोग नसतो.

हे उत्तर तुमच्यासारख्या इतर स्त्रियांनाही लागू आहे, पण ज्यांनी चहाची वेळ सर्वांत आधी बदलावी अशी दोन माणसं बहुतेक घरांत दुर्लक्षित असतात. एक गरोदर बाई. तिला आशाताईंकडून मिळणारी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी ती एकदमच, चहाबरोबर घेते असं पुष्कळदा घडतं. लोह रात्री, कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, एवढा बदल पुरे. दुसरं म्हणजे शाळेत जाणारं मूल, ज्याला सकाळी घाईत चहा-पोळी दिली जाते. पोळी चहात बुडवली की तिच्यातलं लोह आणि टॅनिन ताटलीतच एकत्र येतात. मुलाला पोळी दुधात कुस्करून दिली तर टॅनिनचा प्रश्न मिटतो, पण दूध आणि कॅल्शियमचा थोडा अडथळा राहतो. त्यापेक्षा पोळीचा गूळ-तूप लावलेला रोल आणि पेरूच्या दोन फोडी द्या, दूध संध्याकाळी. तुमच्या वर्गातली किती मुलं चहा-पोळी खाऊन येतात, हे तुम्हाला एका सकाळी सहज विचारता येईल.